तिसरी ओळ

"हे माझं न्हवं," ते म्हणाले आणि रविवारच्या पुरवणीचं कात्रण त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

बुधवारची दुपार होती. कोल्हापुरात चार दिवस पाऊस उघडलेला नव्हता. आमच्या दैनिकाच्या ऑफिसात ओल्या वर्तमानपत्रांचा आणि शाईचा वास कोंदला होता. समोर उभा असलेला माणूस उंच होता, इतका की टेबलाशी बोलायला त्याला वाकावं लागत होतं. पांढरा सदरा, पांढरी विजार, काखेत प्लॅस्टिकची पिशवी.

"आपण?"

"शिंत्रे. य. रा. शिंत्रे, आजरा."

मी उठून उभी राहिले. पाच महिने मी या माणसाशी पोस्टकार्डांवर बोलत होते आणि तो मला कधी दिसला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर एक बुटका, चष्मेवाला गृहस्थ होता. का कोण जाणे.

"बसा की, शिंत्रेसाहेब. तुमची कविता आली रविवारी. चांगली आली."

"तेच सांगायला आलोय, बाई. ही माझी न्हवं."

ते बसले. कात्रण त्यांनी बोटानं माझ्याकडे सरकवलं. मला ते बघायची गरज नव्हती. त्यात काय आहे ते मला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं.

याला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. राजारामपुरीत एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. भाऊ सांगलीला होता, दिवाळीला जाणं-येणं होतं. पुरवणीचं काम माझ्याकडे होतं आणि त्यात 'तीन ओळी' नावाचं एक छोटं सदर मीच हट्टानं सुरू केलं होतं. वाचकांनी तीन ओळींची कविता पाठवायची, निवडक छापायची. लोक त्याला हायकू म्हणायचे. मी म्हणत नसे, कारण येणाऱ्या शंभरांतल्या नव्वद कविता म्हणजे सुविचाराचे तीन तुकडे असत.

शिंत्र्यांचं पहिलं कार्ड फेब्रुवारीत आलं होतं. खाली सही, सहीखाली 'निवृत्त भूकरमापक'. म्हणजे जमिनीची मोजणी करणारे. अक्षर नकाशावर लिहितात तसं, सरळ आणि बारीक. कविता अशी होती:

संसार असा
दोन जिवांची वाट
प्रेमाची लाट

प्रत्येक ओळीच्या पुढं त्यांनी कंसात आकडा टाकला होता. पाच, सात, पाच. अक्षरं बिनचूक मोजली होती. कवितेत मात्र मोजून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

मी सहसा नापसंत कार्डांना उत्तर देत नसे. पण ते कंसातले आकडे बघून मला हसू आलं आणि मी जोडकार्डाच्या, उत्तरासाठी कोऱ्या ठेवलेल्या अर्ध्यावर लिहिलं, 'मोजमाप बरोबर आहे. पण संसार, जीव, प्रेम हे शब्द कुणीही लिहील. तुम्हाला काय दिसलं ते लिहा. एक क्षण, एक वस्तू. भावनेचं नाव घेऊ नका.'

पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड.

एकच छत्री
पावसात चालली
आमची जोडी

मी कळवलं, 'छत्री चांगली. पुढचं चित्र लग्नाच्या अल्बममधलं आहे. पहिली ओळ वाचली की वाचक एक चित्र बघतो. तिसऱ्या ओळीनं त्याला तिथून हलवायला हवं. तुमची तिसरी ओळ त्याला तिथंच बसवून ठेवते.'

त्यावर एप्रिलमध्ये मधली ओळ बदलून आली, 'प्रेमाने भिजलेली'. मी जरा वैतागूनच लिहिलं, 'प्रेमाने कुणी भिजत नाही, पावसाने भिजतं. नेमकं काय भिजलं? कुणाचं? तुम्हाला कधी दिसलं?'

मग दोन महिने काही नाही. मला वाटलं, म्हातारा दुखावला. रोजच्या टपालात मी ते बारीक अक्षर शोधायची, हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात कार्ड आलं. आकडे नाहीत, नमस्कार नाही, फक्त तीन ओळी आणि सही.

ती कविता वाचून मी खुर्चीत मागं टेकले होते. पाच महिन्यांत या माणसानं सगळे मोठे शब्द एकेक करून खुडून टाकले होते. मधल्या ओळीच्या टोकाला 'ओला' हा शब्द त्यानं असा लटकवून ठेवला होता, की काय ओलं, कुणाचं ओलं, हे तिसऱ्या ओळीत उतरल्याशिवाय कळू नये.

आणि ती तिसरी ओळ मी बदलली होती.

छापून आली ती अशी:

एकच छत्री
पोचलो तेव्हा ओला
माझाच खांदा

"मी 'तिचाच' लिवलं होतं," शिंत्रे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "'तिचाच खांदा'. एवढाच फरक आहे."

"टाइप करताना झालं असेल," मी म्हणाले. "आमचे ऑपरेटर घाईत असतात."

हे मी कात्रणाकडे बघत म्हणाले. खोटं किती चटकन येतं तोंडात. आधी ठरवावंसुद्धा लागत नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग त्यांना सांगून दुरुस्त करून छापता येईल का? येत्या रविवारी?"

"विचारते मी."

ते उठले नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पाकीट काढलं, त्यातून आणखी एक कात्रण. तीच कविता. तिच्या खाली निळ्या शाईनं एकच ओळ लिहिली होती: 'आता छापूनसुद्धा आणलंत?'

"माझी लेक," ते म्हणाले. "शैलजा. गडहिंग्लजला शाळेत शिकवते. तीन वर्षं झाली, बोलत नाही माझ्याशी. तिची आई गेल्यापासनं." त्यांनी कात्रणाची घडी सारखी केली. "मी तिला कार्ड टाकलं होतं, रविवारची पुरवणी बघ म्हणून. दुसरं काय लिवलं नाही. म्हटलं, बघंल आणि समजंल. तर काल हे आलं."

"पण... एका शब्दानं?"

"तोच शब्द होता, बाई," शिंत्रे म्हणाले. "बाकीचे तुमच्यासाठी लिवले. मोजून."

ते गेल्यावर मी आमच्या कुलगुडेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते वृत्तसंपादक. मी त्यांना म्हणाले, शुद्धिपत्र छापायचं आहे.

"कशाचं? आकडा चुकला? नाव चुकलं?"

"कवितेत एक शब्द."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मगदूमबाई, आजवर कुठल्या पेपरनं कवितेचं शुद्धिपत्र काढलंय? बायकोचा खांदा काय, नवऱ्याचा काय, पाऊस तोच की." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "उलट छापलंय ते जास्त बरं वाटतं. माणूस भला दिसतो."

शनिवारी तो शब्द बदलताना माझंही हेच म्हणणं होतं. त्यांच्या तोंडून ते ऐकवेना.

छापून झालेल्या मजकुराच्या मूळ प्रती आमच्याकडे एका लांब तारेत ओवून ठेवत आणि तीन महिन्यांनी रद्दीत देत. त्या संध्याकाळी सगळे चहाला गेले असताना मी तार उतरवली. कार्ड लवकर सापडलं. त्यावर माझी लाल शाई होती. 'तिचाच' या शब्दावर एक आडवी रेघ, नीट, पट्टीनं मारावी तशी, आणि वर 'माझाच'. ऑपरेटरनं बिचाऱ्यानं समोर होतं तेच टाइप केलं होतं.

मी कार्ड पर्समध्ये घातलं आणि गुरुवारी रजा टाकली.

गडहिंग्लजला पोचायला साडेअकरा झाले. शाळेचं नाव शिंत्र्यांनी दाखवलेल्या पाकिटावर, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात होतं. मधली सुट्टी व्हायची होती. शिपायानं मला शिक्षकांच्या खोलीत बसवलं. घंटा झाली आणि एक उंच बाई खडूचे हात झटकत आत आली. ओळख पटायला उंचीच पुरेशी होती.

"मी रोहिणी मगदूम. कोल्हापूरहून. पुरवणीत ते सदर मी बघते."

तिचा चेहरा बंद झाला. "बाबांनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही मी आलेय ते."

"मग कशाला आलात? एवढ्या पावसात?"

बाकीच्या शिक्षिका डबे उघडत होत्या. शैलजानं मला बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला नेलं. पागोळ्यांचा आवाज इतका होता की जवळ उभं राहून बोलावं लागत होतं.

"छापलेली कविता तुमच्या बाबांची नव्हती," मी म्हणाले. "म्हणजे त्यांचीच होती. मी बदलली."

मी कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

तिनं वाचलं. मग अंगठा त्या लाल रेघेवर ठेवून पुन्हा वाचलं. मैदानात साचलेल्या पाण्यात मुली उड्या मारत होत्या, त्यांच्यावर ती मास्तरणीच्या आवाजात एकदा ओरडली, आणि पुन्हा कार्डाकडे बघायला लागली.

"तुम्हाला ठाऊक आहे का हे कशावर आहे?"

"नाही."

"बाबा मोजणीला गावोगाव जायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत. छत्री न्यायचे नाहीत, विसरायचे म्हणा. म्हणून आई स्टँडवर जायची छत्री घेऊन. रोज. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आजऱ्याचा पाऊस म्हणजे काय असतो माहितेय ना तुम्हाला? बाबांच्याजवळ नकाशांची पिशवी. ती भिजायला नको. आई बुटकी, बाबा हे एवढे. ती हात वर ताणून छत्री धरायची, त्यांच्या बाजूला कलती करून. मी दारात टॉवेल घेऊन उभी असायची. बाबा कोरडेच्या कोरडे आत यायचे. चहा टाक म्हणायचे. आईचा हा खांदा, हा हात, अर्धा पदर..." तिनं स्वतःच्याच डाव्या खांद्यावरून हात फिरवला. "मोरीत उभी राहून पदर पिळायची आणि मग चहा टाकायची."

"त्यांना दिसत नव्हतं?"

"तेच तर मला लहानपणापासून कळत नव्हतं. जो माणूस दोन बोटं बांध सरकला तर ओळखतो, त्याला हे दिसत नव्हतं?"

मग ती जरा हसली, पण ते हसू कुणासाठी नव्हतं.

"आई उन्हाळ्यात गेली. हार्टनं. पावसाचा काही संबंध नाही, उगाच तसं म्हणणार नाही मी. पण तेराव्याला सगळी गल्ली बसलेली आणि जो तो सांगतोय, काय जोडा होता, एका छत्रीतून यायची दोघं, बघत राहावं. आणि बाबा मान हलवतायत. हो हो म्हणून. मला सहन झालं नाही. सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, छत्री एक होती, पण त्यात माणूसही एकच होता. त्या दिवशी निघून आले ती आलेच."

मला कुलगुडे आठवले. गल्ली आठवली, जी मी कधी पाहिली नव्हती. आणि आपण त्या गल्लीतच बसलोय हे कळलं.

"म्हणून रविवारी ते वाचलं तेव्हा..." तिनं वाक्य सोडून दिलं. कार्डावर तिचं बोट मधल्या ओळीवर आलं. "'पोचलो तेव्हा'," ती हळू म्हणाली. "म्हणजे वाटेत नाही. घरी आल्यावर. म्हणजे एकदा कधीतरी बघितलं होतं त्यांनी."

"'तिचाच' मध्ये तो 'च' आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तिचा एकटीचा. म्हणजे मी कोरडा होतो, असं न लिहिता लिहिलंय त्यांनी. मी शब्द बदलला, तर तोच 'च' फुशारकीचा झाला. अक्षरं तेवढीच राहिली."

"मग का बदलला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. येताना गाडीत मी दोन उत्तरं तयार केली होती. एक वाचकांच्या आवडीबद्दल होतं, दुसरं सदराच्या धोरणाबद्दल.

"शनिवारी पान लावत होते," मी म्हणाले. "बाहेर असाच पाऊस. ऑफिसातली माणसं जोडीजोडीनं खाली जात होती. ती ओळ वाचली आणि मला आवडेना. कविता म्हणून आवडली होती. पण मला वाटलं, जगात एक तरी पुरुष असा असू दे. बाईसाठी ओला झालेला. निदान छापलेला तरी." मी पाण्याकडे बघत होते. "माझ्यासाठी छत्री घेऊन कुणी कधी आलं नाही. मी पण कुणासाठी गेले नाही. बाकी काही कारण नाही."

शैलजानं माझ्याकडे बघितलं. आता कीव करील असं वाटलं, आणि तिनं केली नाही, त्याचे उपकार मला आजही वाटतात.

"आणि आईचं श्रेय बाबांना देऊन टाकलंत," ती म्हणाली.

"हो."

"आयुष्यभर एवढंच एक होतं तिचं. दिसण्यासारखं."

"हो."

घंटा झाली. मुली धावत व्हरांड्यात आल्या, ओल्या पावलांनी सगळी फरशी भरली. शैलजा कार्ड परत देईना.

"हे ठेवू मी?"

"तुमच्यासाठीच लिहिलंय त्यांनी."

"नाही," ती म्हणाली. "आईसाठी लिहायला हवं होतं. ती असताना." मग तिनं कार्ड हजेरीपटात ठेवलं आणि वर्गात गेली. निरोप वगैरे काही नाही.

तिथून आजरा फार लांब नाही. परतीची गाडी धरायची सोडून मी आजऱ्याच्या गाडीत बसले. शिंत्र्यांचं घर कुणीही दाखवलं असतं. ते ओसरीवर स्टूल टाकून बसले होते. मला पाहून गडबडले, आत जाऊन सतरंजी आणली, ती उलटी अंथरली, पुन्हा सुलटी केली.

"बाई, तुम्ही इकडं? छापायचं जमलं का?"

"शिंत्रेसाहेब, ऑपरेटरची चूक नव्हती. शब्द मी बदलला होता."

"व्हय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. "मी स्वतः. लाल शाईनं. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला. पस्तीस वर्षं मोजणी केली. रात्रीतनं बांध सरकवलेला माणूस दुसऱ्या दिवशी कसा बोलतो, बघितलंय. बांधाकडं बघून बोलतो. समोरच्याकडं बघत नाही. तुम्ही कात्रणाकडं बघून बोललात."

"मग तिथंच का बोलला नाहीत?"

त्यांनी खांदे उडवले. "माझ्या लेकीच्या वयाच्या तुम्ही. आणि पाच महिने एवढं शिकवलंत. काय बोलायचं?"

मी त्यांना गडहिंग्लजचं सांगितलं. शैलजा काय म्हणाली, कार्ड तिनं ठेवून घेतलं, हे सांगितलं. तेराव्याचं तिनं सांगितलेलं मी गाळणार होते. मग वाटलं, गाळणं, बदलणं पुरे झालं. तेही सांगितलं. ऐकताना ते मधेमधे मान हलवत होते.

"लेक खरं बोलली," ते म्हणाले. "मी बघितलंच न्हाई. स्टँडपासनं घरापर्यंत मी बोलत असायचो. कुणाचं शेत, कुणाची भांडणं. ती ऐकायची. मला वाटायचं, छत्री आहे म्हणजे दोघंबी कोरडे."

"मग दिसलं कधी?"

"रिटायर झालो त्या वर्षी. बाजारातनं आलो दोघं. शैलीचं लग्न झालेलं, टॉवेल द्यायला दारात कोण न्हाई. म्हणून मीच आत गेलो टॉवेल आणायला. तिच्या हातात द्यायला म्हणून आलो तर बघतो, ही बाजू पार भिजलेली. काळी झालेली. आणि मी..." त्यांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीला हात लावला. "इस्त्रीसुद्धा मोडलेली न्हाई."

"काय म्हणालात त्यांना?"

"काय न्हाई. टॉवेल दिला. दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक छत्री आणली. तिला दिली." रस्त्यावरून एक म्हैस गेली, तिच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. "तिनं आठ दिवस वापरली. मग म्हणाली, ठेवून द्या ती. दोन छत्र्या असल्या की तुमचं बोलणं ऐकू येत न्हाई."

मग त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

"ते कवितेत घालायला बघितलं," ते म्हणाले. "दोन महिने बघितलं. बसत न्हाई. तीन ओळीत एकच मावतंय."

"एकच मावतं," मी म्हणाले.

त्यांनी चहा केला. तो फार गोड होता. स्टँडवर सोडायला येतो म्हणाले, मी नको म्हटलं. पावसानं तेवढ्यापुरती उघडीप दिली होती.

शनिवारी पान लावताना मी सदराच्या जागी फक्त ती एक कविता घातली, शिंत्र्यांनी लिहिली होती तशी. खाली चौकटीत लिहिलं, 'मागील अंकात या कवितेतील एक शब्द सदराच्या संपादिकेने कवीला न विचारता बदलला होता. त्यामुळे कवितेचा अर्थ उलटा झाला. कवितेत भिजलेला खांदा कवीचा नाही, त्यांच्या पत्नीचा आहे.' खाली माझं पूर्ण नाव. कुलगुड्यांना दाखवलं नाही. ते पान थेट छपाईला गेलं.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पेपरनं स्वतःची एवढी बेअब्रू करून घ्यायची नसते, बाई." सदर बंद झालं. पुरवणी दुसऱ्याकडे गेली आणि मला जिल्ह्याच्या बातम्यांचा डेस्क मिळाला. बाजारभाव, निधनवार्ता, धरणांची पातळी. वाईट काम नव्हतं. तिथं जे घडलं तेच लिहायचं असतं.

शिंत्र्यांनी पुन्हा कविता पाठवली नाही. मी वाट बघत होते. सदर नव्हतं, पाठवून तरी छापणार कुठं, हे मला कळत होतं, तरी टपाल आलं की आधी हस्ताक्षरं चाळायची. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. गणपती झाले.

ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण गेल्यावर, एक कार्ड आलं. त्यावर कविता नव्हती.

'स. न. वि. वि. काल रविवारी शैलजा आली होती. अकराच्या गाडीने आली. फार बोलली नाही. घर झाडले. आईचे कपाट उघडून बसली होती. मी चहा केला, गोड झाला म्हणाली. पाचच्या गाडीने गेली. पुन्हा येईन असे म्हणाली नाही, येणार नाही असेही म्हणाली नाही. आपणास कळावे म्हणून लिहिले. य. रा. शिंत्रे.'

मी ते दोनदा वाचलं आणि मान वर केली. हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी दाखवावं असं वाटलं. हॉलमध्ये पंधरा-सोळा माणसं होती. कुणी फोनवर होतं, कुणी टाइप करत होतं, दोघंजण खिडकीशी उभे राहून कशावर तरी हसत होते. मी एकेकाकडे बघत गेले, शेवटच्या टेबलापर्यंत.

मग कार्ड पुन्हा वाचायला घेतलं.